तिसऱ्या दिवशीच गुलाल

गुरुवारी सकाळी पावणेनऊला मी स्वारगेटच्या सिग्नलला अडकलेली, आणि ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट येऊन पडला. डॅशबोर्डचा. बी हेडलाइनपुढे हिरवा पट्टा, शेजारी ९६%, आणि खाली आमच्या मार्केटिंगच्या सरांचा मेसेज: ‘बी जिंकली! ४१ टक्के वाढ!! आजच सगळीकडे लावून टाका.’ त्याखाली टाळ्याच टाळ्या. एकाने तर पेढ्याचा फोटो टाकला.

टेस्ट म्हणजे पेजवर येणाऱ्या निम्म्या लोकांना जुनी हेडलाइन दाखवायची, ती ए, निम्म्यांना नवी, ती बी, आणि कुठे जास्त माल खपतो ते मोजायचं. ती सोमवारी सुरू झाली होती. सोमवारी! म्हणजे मोजून तीन दिवस. मतमोजणीची पहिली फेरी संपत नाही तोवर गुलाल उधळून मोकळे होणारे कार्यकर्ते असतात ना, तसे हे. फरक इतकाच की त्या कार्यकर्त्यांना निदान माहीत असतं की अजून वीस फेऱ्या बाकी आहेत.

आम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल विकतो, पाच लिटरचा डबा. पेजवर जुनी हेडलाइन होती ‘लाकडी घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल’. सरांना सुचली नवी: ‘आजीच्या फोडणीचा वास पुन्हा घरात’. सुचली हे ठीक, चांगलीही आहे. भांडण हेडलाइनशी नाहीच. भांडण आहे ते त्या ९६ टक्क्यांशी, आणि ते बघून अंगात येणाऱ्या माणसांशी.

बरं, मी आधी सांगितलं नव्हतं असंही नाही. टेस्ट लावायच्या आधी मीटिंगमध्ये बसून हिशोब मांडला होता, फळ्यावर. शंभर लोक पेजवर आले तर तीन डबा घेतात. नव्या हेडलाइनने तिनाचे ३.६ झाले, तर ती बदलण्यात अर्थ आहे, हे सरांनीच ठरवलं. म्हणजे पकडायचा फरक ०.६ टक्क्यांचा. त्यासाठी प्रत्येक बाजूला किती माणसं लागतील, याचं एक जुनं, कागदावर करता येणारं गणित आहे:

```
n = 16 × p × (1 − p) / d²
n = 16 × 0.03 × 0.97 / (0.006)² ≈ 12,900
```

p म्हणजे आताचं प्रमाण, d म्हणजे पकडायचा फरक. तो १६ येतो दोन गोष्टी धरून: फरक खरंच असेल तर तो पाचातल्या चार वेळा सापडावा, आणि फरक नसताना ‘आहे’ असं म्हणण्याची चूक शंभरात पाच वेळांपेक्षा जास्त होऊ नये. तर एका बाजूला साधारण १३ हजार, दोन्ही मिळून २६. आमच्या पेजवर दिवसाला येतात १,३०० लोक. वीस दिवस. मी म्हटलं, पूर्ण तीन आठवडे करू, म्हणजे प्रत्येक वार तीनदा येईल. आमच्याकडे रविवारी निवांत बसून किराणा मागवणारी माणसं वेगळी आणि मंगळवारी दुपारी ऑफिसात चहा पिता पिता पेज चाळणारी वेगळी. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी तर फळ्याचा फोटोही काढला. त्या फोटोचं पुढे काय झालं देव जाणे.

आणि तीन दिवसांत, एकही शनिवार-रविवार न बघता, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!

आकडे काय होते ते सांगते. ए वर १,९४० लोक आले, ५६ डबे गेले. बी वर १,९६० लोक, ८० डबे. म्हणजे २.९ टक्के आणि ४.१ टक्के. चोवीस डब्यांचा फरक. आमच्या एखाद्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणा काकूंनी ‘छान आहे हो तेल’ म्हटलं, तरी चोवीस डबे इकडचे तिकडे होतात.

‘पण ९६ टक्के खात्री दाखवतंय ना?’ हे वाक्य मी त्या दिवशी चौघांकडून ऐकलं. अरे, ती ‘बी चांगली असण्याची खात्री’ नाही! त्या आकड्याचा अर्थ एवढाच की दोन्ही हेडलाइन अगदी सारख्या असत्या, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात चारेक वेळा दिसला असता. आणि तेही कधी? आधी ठरवलेल्या दिवशी, एकदाच बघितलं तर. एकदाच!

इथे माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं. कारण सर एकदा बघत नाहीत. सकाळी उठल्यावर बघतात, जेवताना बघतात, रात्री झोपताना बघतात. आणि हिरवा पट्टा दिसला की थांबायचं म्हणतात. लाल असला की? तेव्हा मात्र ‘अजून चालू दे’. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ते खरंय, पण दर मिनिटाला झाकण काढून एकेक शीत चेपायचं आणि जे पहिलं मऊ लागेल त्यावर गॅस बंद करायचा, याला परीक्षा म्हणत नाहीत. असा भात आमच्याकडे कुणी खाल्ला नसता.

ही माझी मनाची भीती नाही. १९६९ साली आर्मिटेज नावाचे संख्याशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे नीट मोजून छापलंय. फरक मुळातच नसताना, पाच टक्क्यांच्या रेषेवर एकदा बघितलं तर फसण्याची शक्यता पाच टक्के. गोळा होणाऱ्या आकड्यांकडे ठरावीक टप्प्यांवर पाच वेळा बघितलं, तर ती होते १४. दहा वेळा बघितलं तर १९. वीस वेळा बघितलं तर २५ टक्क्यांच्या आसपास! म्हणजे आमची तीन आठवड्यांची टेस्ट रोज उघडून बघायची आणि हिरवं दिसलं की थांबायचं, यात चारातल्या एका वेळेला आम्ही काहीही फरक नसलेल्या हेडलाइनची मिरवणूक काढणार. आणि सर दिवसातून तीनदा बघतात.

आता त्या ‘४१ टक्के वाढ’चं ऐका, कारण हे कुणी सांगत नाही. तीन दिवसांत दोन्हीकडे दोन-दोन हजारांच्या आत माणसं. एवढ्याशा माणसांत हिरवा पट्टा यायचाच, तर फरक किमान १.१ टक्क्यांचा लागतो. म्हणजे तिनाचे चारच्या वर जायला हवेत. बी खरंच चांगली असती, समजा तिनाचे ३.३ करणारी, तरी तिसऱ्या दिवशी ती ‘जिंकलेली’ दिसली असती ती फक्त फुगलेल्या आकड्यानेच. लवकर जाहीर केलेला विजय लहान दिसूच शकत नाही, चाळणीच तशी आहे. आणि मग तोच आकडा सर मालकांना सांगतात, मालक घाण्यावर जास्तीच्या शेंगदाण्याची ऑर्डर देतात, आणि महिन्याने मला विचारतात की ‘मॅडम, ते ४१ टक्के कुठे गेले?’

मी ऑफिसात पोहोचले ती थेट त्यांच्या केबिनमध्ये. भांडले. हात जोडले. शेवटी ‘ठीक आहे, तुझ्या समाधानासाठी’ म्हणून तीन आठवडे चालू ठेवायला तयार झाले. माझ्या समाधानासाठी! जसं काही मी सत्यनारायण घालतेय.

तीन आठवड्यांनी: ए वर १३,६४० लोक, ४२३ डबे. बी वर १३,७१० लोक, ४३७ डबे. ३.१० आणि ३.१९. संपलं. आणि गंमत बघा, पहिले तीन दिवस बाजूला काढले तर उरलेल्या अठरा दिवसांत ए च किंचित पुढे होती. तो सगळा गुलाल त्या तीन दिवसांचा.

म्हणजे बी वाईट का? तसंही नाही. या आकड्यांवरून इतकंच म्हणता येतं की खरा फरक बी च्या विरुद्ध ०.३ पासून बी च्या बाजूने ०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. आपण शोधत होतो तो ०.६ चा फरक बहुधा नाहीये. याहून लहान फरक शोधायचा असेल तर माणसं भरमसाट लागतील. फरक निम्मा धरला की माणसं चौपट, वरच्या सूत्रात d चा वर्ग आहे ना. म्हणजे अडीच महिन्यांच्या वर. तेवढ्यात आम्ही हेडलाइन काय, डब्याचा रंगही बदलू.

हे सांगितलं तर सर म्हणतात, ‘अजून एक आठवडा ठेवू, बी वर येतेय.’ अहो, हे तेच झालं! आवडता निकाल येईपर्यंत टेस्ट ताणायची नाही, हेच तर इतका वेळ ओरडतेय. मग म्हणाले, ‘फक्त मोबाइलवाले बघ.’ मग ‘फक्त मुंबईचे बघ.’ मग ‘मुंबईचे, मोबाइलवाले, रात्री दहानंतरचे.’ वीस कप्पे केले की एखाद्यात नुसत्या योगायोगाने हिरवं दिसण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. त्यातून फार तर पुढच्या टेस्टचा प्रश्न निघतो, या टेस्टचं उत्तर नाही.

मध्ये बघायचंच नाही असंही मी म्हणत नाही. पेज फुटलंय का, दोन्हीकडे माणसं सारखी वाटली जातायत का, हे रोज बघा, खुशाल बघा. आणि निकालच दर आठवड्याला बघायचा असेल तर तसं आधी ठरवा आणि त्याची किंमत मोजा. पोकॉक नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ साली त्याची रीत देऊन ठेवलीय. तीनदा बघणार असाल तर प्रत्येक वेळी ९५ ची नाही, ९७.८ ची रेषा ओलांडायला हवी, आणि थोडी जास्त माणसंही लागतात. आमचा ९६ चा हिरवा पट्टा त्यातही नापास झाला असता. पण हे ऐकायला केबिनमध्ये थांबतंय कोण.

तर मी गेल्या आठवड्यात एक उद्योग केला. नवी टेस्ट लावली, नाव दिलं ‘हेडलाइन टेस्ट २’, आणि ए आणि बी दोन्हीकडे तीच जुनी हेडलाइन ठेवली. अक्षर न् अक्षर सारखं. कुणाला काही बोलले नाही.

पाचव्या दिवशी ए वर ३,२४० लोकांत ८८ डबे, बी वर ३,२६० लोकांत ११७. हिरवा पट्टा, ९६%. पावणेनऊला ग्रुपवर स्क्रीनशॉट: ‘बी पुन्हा जिंकली! मॅडम, या वेळी तीन आठवडे नकोत, आजच सगळीकडे लावा.’

मी लिहिलं, ‘लावलेलीच आहे, सर.’