‘डिस्कस्ड ऑन’मधला ‘ऑन’ कुठून येतो?

«परीक्षक माझ्या प्रबंधातला ‘डिस्कस्ड ऑन’मधला ‘ऑन’ दरवेळी का खोडतात?»

‘आम्ही या लेखात पाण्याच्या गुणवत्तेवर चर्चा केली आहे’ या वाक्यात ‘चर्चा’ हे नाम असल्याने ‘वर’ लागतो आणि तोच इंग्रजीत ‘ऑन’ होऊन येतो. इंग्रजीतले ‘डिस्कस’ मात्र सकर्मक क्रियापद आहे आणि ते थेट कर्म घेते. ‘एम्फसाइझ ऑन’ ही चूकही ‘भर देणे’मधून अशीच येते. नामरूप वापरले, तर ‘एम्फसिस ऑन’ बिनचूक ठरते, म्हणून शब्द नाम आहे की क्रियापद, हे आधी पाहावे.

त्याच मराठी वाक्यातून शब्दशः आलेली ‘वी इन धिस पेपर हॅव डिस्कस्ड’ ही रचना व्याकरणाने फारशी चुकीची नाही, पण खटकते, कारण मराठीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये स्थळकाळ सहज मावतो, तर इंग्रजीत तो बहुधा कडेला जातो: ‘इन धिस पेपर, वी डिस्कस वॉटर क्वालिटी.’