बाणांवर आक्षेप घेणाऱ्या वाचकाला उत्तर

परीक्षेआधी इतिहासातल्या घटनांचा तक्ता काढून त्यात कारण-परिणामांचे बाण कसे ओढायचे, यावर मी एक लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाने लिहिलं:

«मॅडम, तक्ता पाहिला. बाण काढले म्हणजे कारण होत नाही. इतिहासाची अशी रांगोळी काढून पोरांना पाठ करायला लावलंत, तर पुस्तक उघडायची गरजच उरणार नाही. सालबाईचा तह १७८३ चा नव्हे, एवढं तरी तपासायचं. आणि शेवटच्या आठवड्यात हे करणाऱ्यांनी वर्षभर काय केलं?»

नमस्कार.

आधी चूक कबूल करते. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला. नाना फडणवीसांनी त्याला मान्यता दिली ती फेब्रुवारी १७८३ मध्ये, आणि माझ्या टिपणात तेच साल उतरलं होतं. परीक्षेत १७८२ च लिहायचं. तक्त्यात दुरुस्ती केली आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण «एवढं तरी तपासायचं» हे कुणाशी बोलण्याची रीत झाली? चूक दाखवायला एक ओळ पुरते, त्यात टोमणा कशाला? आणि रांगोळी हा शब्द तुम्ही हिणवण्यासाठी वापरलात, तो मला लागला. चौदा वर्षं संध्याकाळी सहा ते नऊ मी बी.ए.ची मुलं शिकवते आहे. त्यातली निम्मी दिवसभर दुकानात किंवा गोदामात उभी असतात. त्यांनी वर्षभर काय केलं, हे तुम्ही विचारू नका. वर्षभर त्यांनी घर चालवलं.

आता बाणांचं बोलू. तुमच्या आक्षेपात बोलण्यासारखं तेवढंच आहे.

मी टी. वाय.ला असताना वसईच्या तहाची, म्हणजे दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी केलेल्या तहाची, कारणं आणि परिणाम हा प्रश्न आला होता. मला ३१ डिसेंबर १८०२ ही तारीख पाठ होती, वेलस्लीची तैनाती फौज, म्हणजे राजाने आपल्या खर्चाने इंग्रजांचं सैन्य बाळगायचं ही पद्धत, पाठ होती. दोन पानं तैनाती फौजेवर लिहिली आणि पंधरापैकी चार गुण पडले. घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी पहिला तक्ता काढला तो आईच्या पोळपाटावर कागद ठेवून. तेव्हा कळलं की बाजीराव वसईला गेला का, याचं उत्तर मी लिहिलंच नव्हतं. पुस्तक मी तीनदा वाचलं होतं. तक्ता नव्हता म्हणून ती फट दिसली नव्हती. तेव्हा पुस्तक उघडायची गरज उरणार नाही, हे मला सांगू नका.

माझ्या वर्गात नियम एकच आहे. बाणावर वाक्य लिहिता आलं तरच बाण काढायचा, आणि त्या वाक्यात कुणी काय केलं ते क्रियापदासकट हवं. «म्हणून» एवढंच लिहिलं तर बाण खोडायचा. तुम्ही तक्ता पाहिला म्हणता, पण बाणांवरची बारीक अक्षरं वाचलेली दिसत नाहीत.

खर्ड्याची लढाई घ्या. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सवाई माधवराव गेले. दोन्ही खुणा शेजारी पडतात, त्यामुळे मुलं हमखास त्यांच्यामध्ये बाण ओढतात. त्यावर वाक्य लिही म्हटलं की पेन थांबतं, कारण वाक्य नसतंच. खर्ड्याचा बाण त्या मृत्यूवरून उडी मारून १७९८ ला जातो: खर्ड्याला इंग्रज तटस्थ राहिले, मराठ्यांची धास्ती कायम राहिली, आणि तीन वर्षांनी निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. सवाई माधवरावांच्या मृत्यूचा बाण वेगळा: वारस नव्हता, गादीसाठी वर्षभर ओढाताण झाली आणि डिसेंबर १७९६ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा झाला. प्रत्येक बाण फक्त शेजारच्या घटनेलाच जात असेल, आगगाडीच्या डब्यांसारखा, तर तक्ता चुकला असं समजावं. ही खूण मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

आता वसईचा तह. आमचा कागद कार्डशीटचा, लांब बाजू ७१ सेंटिमीटर. १७७३ ते १८०३ ही तीस वर्षं, वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे साठ सेंटिमीटरची रेघ मधोमध. रेघेवर घटना, वरच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं चाललेली कारणं, खालच्या पट्ट्यात परिणाम. या मापात सालबाईपासून वसईपर्यंत चाळीस सेंटिमीटर इंग्रजांशी एकही युद्ध नाही. ही मोकळी जागा डोळ्यांत भरते आणि मूल आपणहून विचारतं, «मॅडम, इथे काय झालं?» नुसत्या यादीत वीस वर्षं दोन ओळींत मिटून जातात, मग हा प्रश्न कुणाला पडणार?

उलट गंमत शेवटाला. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला आणि तहावर सही झाली ३१ डिसेंबरला. सदुसष्ट दिवस, आपल्या मापात अर्धा सेंटिमीटरही नाही. म्हणून तिथे रेघेला बाहेर खेचून बाजूला एक मोठी चौकट काढायची. चौकटीत खालून येणारा बाण असा: यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात बाजीरावाने मारवलं, शिंदे आणि होळकर यांचं वैर १७९७ पासून पेटलेलं होतंच, यशवंतराव पुण्यावर चालून आले, बाजीराव पुणे सोडून पळाला आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला. आणि वरच्या पट्ट्यातून दुसरा बाण उतरतो: १७९८ ला वेलस्ली गव्हर्नर जनरल झाला, निजाम तैनाती फौजेत आला, मे १७९९ मध्ये टिपू पडला, उरले ते मराठेच. मार्च १८०० मध्ये नाना गेले आणि पुण्यात बाजीरावाला आवरणारं कुणी राहिलं नाही. हे दोन बाण एकाच सहीवर येऊन मिळतात. खालचा बाण नसता तर बाजीराव गेला नसता, वरचा नसता तर त्याला असल्या अटी घातल्या गेल्या नसत्या. माझे गुण गेले ते खालच्या बाणावर.

यातून परिणामाचा बाण पुढे १८०३ ला जातो. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य नव्हता, आणि २३ सप्टेंबरला इंग्रजांशी असईची लढाई झाली. एका तहाचा परिणाम पुढच्या युद्धाचं कारण होतो, म्हणून खालच्या पट्ट्यातून रेघेकडे परत वर चढणारा बाण आम्ही वेगळ्या रंगाने काढतो. तुम्हाला ती रांगोळी वाटली.

पाठांतराबद्दल इतकंच, की तक्ता शेवटच्या आठवड्यात करायचा नसतोच. तो तीन आठवडे आधी पुस्तक समोर ठेवून होतो. शेवटच्या आठवड्यात रोज वीस मिनिटं कोऱ्या कागदावर तो न बघता काढायचा, मग मूळ तक्ता शेजारी ठेवून सुटलेले बाण लाल पेनाने भरायचे. तारीख चुकली तर एक गुण जातो, पण बाण सुटला तर तो भाग पुन्हा पुस्तकातून वाचायचा. हे माझ्या मूळ लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे.

एक मर्यादा मात्र मीच सांगते. तेव्हाच्या लोकांना पुढचं काही माहीत नव्हतं, हे बाण दाखवत नाहीत. नोव्हेंबर १८०२ मध्ये बाजीरावाला अजून होळकरांशी बोलणी करायची वाट होती, आणि तक्त्यात ती वाट दिसत नाही. यावर तुम्ही बोलला असतात तर मी आनंदाने ऐकलं असतं.

वसईच्या सहीकडे येणारा तिसरा बाण तुमच्याकडे असेल, तर वाक्यासकट लिहून पाठवा. वाक्य टिकलं तर तक्त्यात घालीन.