खटक्यावर बोट, जाग्यावर काहीच नाही

आज सकाळी साडेसहाला पंचगंगेच्या पुलाअलीकडं, हायवेच्या कडेला गाडी लावून मी मोबाइलला नाक घासत होतो. खरंच. पहिली पाळी, धुकं असं की पुढच्या ट्रकचा नुसता लाल दिवा दिसतोय, स्टँडमधला मोबाइल कोकलतोय, स्क्रीनवर सुपरवायझरचं नाव, आणि माझ्या हॅण्डग्लोजचं 'टचस्क्रीन' बोट त्या हिरव्या गोलावर आपटून आपटून दमलेलं. मग काच वर केली आणि नाक पुढं नेलं. तर हेल्मेटची हनुवटी आधी जाऊन आपटली.

बरं, नुसतं दाबायचं असतं तर दहातलं एखादं दाबणं लागलं असतं. पण फोन घ्यायला बोट सरकवावं लागतं. माझं बोट अर्धा इंच सरकतं आणि मधेच स्क्रीनला वाटतं की बोट उचललं. गोल परत जागेवर. पुन्हा सरकव, पुन्हा जागेवर. तेवढ्यात धुक्याचे थेंब स्क्रीनवर जमले होते, त्यातला एक ओघळला आणि फोन कट झाला. साडेसहाशे रुपयांच्या हॅण्डग्लोजला जे जमलं नाही ते फुकटातल्या दवानं करून दाखवलं. पाण्यातून वीज जाते, त्या हॅण्डग्लोजमधून नाही, विषय संपला.

पण विषय संपला कुठं? पुढं पंपावर गेलो. दोनशेचं पेट्रोल. इथं कुणीही शहाणा माणूस हॅण्डग्लोज काढेल. मी नाही काढला. साडेसहाशे दिलेत, काढायचा नाही म्हणजे नाही. पिनचे आकडे दाबायला लागलो. ते बोटाचं टोक म्हणजे शिवण, अस्तर, फोम सगळं मिळून शेंगदाण्याच्या लाडवाएवढं. पाच दाबावं तर आठ लागतो, आठ दाबावं तर काहीच लागत नाही. पहिला पिन चुकला. दुसराही चुकला. तिसरा चुकला की बँक कुलूप लावणार. मागं दुधाचे कॅन लावलेला एक मामा हॉर्न देतोय, "ओ भावा, हात घातलायस कशात?" म्हणून. शेवटी दातानं ओढून काढला. तोंडात ती रेक्झिनची चव अजून आहे.

कंपनीत पोचलो तर गेटवरच कळलं, पहिल्या पाळीची भट्टी आज बंद. सुपरवायझर म्हणाला, "तेच सांगायला फोन करत होतो, तू कट केलास."

मी कट केला!

आता घेतला कसा ते ऐका. दुकानदारानं समोर घालून, स्वतःचा मोबाइल काढून, टकाटक चालवून दाखवला होता. मी आपला भुललो. त्याचं बोट होतं जाडजूड, त्यानं हॅण्डग्लोज मनगटापर्यंत ओढून बोटाचं टोक अगदी शेवटाला ठासलेलं. माझी बोटं बारीक आणि आखूड. माझ्या नखापुढं त्या बोटात चांगली अर्ध्या सेंटीमीटरची जागा रिकामी राहते. म्हणजे करड्या रंगाचा तो जादूचा तुकडा स्क्रीनला लागतो तेव्हा त्याच्या मागं माझं बोट नसतंच, हवा असते. स्क्रीनला हवं असतं माणसाचं अंग, तिला हवेशी काय देणंघेणं? पण दुकानात कोण बोटाच्या टोकाला चिमटा काढून बघतो? कापडाच्या बुटात आपण अंगठा दाबून बघतो, तसा हॅण्डग्लोजच्या प्रत्येक बोटाचा शेवट दाबून बघायला हवा होता. पुठ्ठ्यावर लिहिलंय 'वॉटरप्रूफ, विंडप्रूफ, टचस्क्रीन'. तीन शब्द, त्यातले दोन तिसऱ्याचे वैरी, आणि हे छापणाऱ्याला कुणी विचारत नाही. मागं एक रेनकोटही असाच घेतला होता, त्याच्यावरही 'प्रूफ' लिहिलेलं. पाऊस आतून पडायचा. त्या माणसाला मी अजून विसरलेलो नाही.

मी मेंटेनन्सचा माणूस. भट्टी बंद, हाताला काम नाही, खिशात मीटर. बसलो बाकावर. मीटर बीपवर टाकला. दोन्ही पिना करड्या तुकड्यावर बाहेरून टेकवल्या, बीप आला. म्हणजे कापड खरं आहे, चांदीबिंदीचा धागा आहे त्यात, फसवणूक नाही. मग एक पिन बाहेर ठेवली आणि दुसरी हॅण्डग्लोजच्या आत घालून बोटाच्या टोकाला आतून टेकवली. बीप नाही, मीटरवर नुसतं `OL`. फिरवली, दाबली, कोपऱ्यात घातली, तरी `OL`. बाहेरच्या तुकड्याचा आतल्या बोटाशी काडीचा संबंध नाही! वायरिंग केलंय, बटण लावलंय, आणि बटणाला वायरच जोडलेली नाही. असं पॅनल मी भरलं असतं तर त्याच सुपरवायझरनं मला गेटबाहेर उभं केलं असतं.

मग ब्लेड काढलं. (हो, साडेसहाशेच्या वस्तूला. राग होता.) अंगठ्याची शिवण उसवली. वर करडा तुकडा. त्याखाली पातळ प्लास्टिकसारखा पडदा, पाणी न लागावं म्हणून. त्याखाली फोम. त्याखाली मऊ लोकरीसारखं अस्तर. आणि सगळ्यात शेवटी मी. आता हे खरं की थेट जोड नसली तरी पातळ अस्तर असेल आणि बोट घट्ट बसलं असेल तर स्क्रीनला बोटाचा वास लागतो, तसं चालतं थोडंफार. दुकानदाराचं म्हणून चाललं. पण इथं पडदा, फोम, अस्तर आणि वर अर्धा सेंटीमीटर हवा. भिंतीपलीकडून हात जोडले तर देव दिसत नाही.

आणि हा तुकडा आहे कुठं? फक्त उजव्या हाताला! अंगठा आणि पहिलं बोट, उजवं. उजव्या हातात काय असतं रे बाबा? ॲक्सिलरेटर असतो. मोकळा असतो तो डावा, आणि डाव्याला काळं साधं कापड. हे डिझाइन करणाऱ्यानं आयुष्यात गाडी चालवलेली नाही, तो घरात सोफ्यावर बसून हॅण्डग्लोज घालून मोबाइल बघत असणार.

ऊब तरी नीट जागेवर आहे का? तेही नाही. फोम घातलाय तळव्याला. तळवा मुठीवर दाबला की फोम चपटा, चपट्या फोमची कसली ऊब? वारं लागतं ते बोटांच्या पाठीला आणि पेरांना, तिथं एकच थर. म्हणजे जिथं थंडी लागते तिथं पातळ, आणि जिथं मुठीचा, ब्रेकचा अंदाज यायला हवा तिथं गादी. तावडे हॉटेलपासून शिरोलीपर्यंत मूठ आवळून आवळून मनगट दुखतं, कारण आत हात घसरतो आणि बाहेर हॅण्डग्लोज घसरतो. तळव्यावर रबराचे ठिपके होते, ते पंधरा दिवसांत झिजले. आता नुसते ठिपक्यांचे डाग उरलेत.

मेहुण्याचं ऐकून तर डोकंच फिरतं. त्याच्याकडं विणकामाचे पातळ हॅण्डग्लोज आहेत, पाची बोटांत चांदीचा धागा विणूनच घेतलेला, म्हणजे आतला धागा तोच बाहेर. मोबाइलवर लोण्यासारखा चालतो. "दाजी, माझे घेऊन जावा की." घेतले एक दिवस. टच फर्स्टक्लास. पण विणीच्या भोकाभोकांतून वारं आत, हायवेला लागेपर्यंत बोटांना बोटं लागेनात. आणि रबरी मुठीवर ती वीण साबणासारखी घसरते. त्याचं काय जातंय, तो गाडीत काच वर करून बसतो! त्याला तेवढेच पुरतात, स्टिअरिंग गार लागू नये म्हणून. त्यालाही वळणावर हात सटकतो, पण ते तो बहिणीसमोर कबूल करणार नाही.

कुणीतरी सांगितलं, मोबाइलच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचा स्पर्श वाढवायचं बटण असतं. आहे. लावलं. जाड टेम्पर्ड ग्लास लावलेल्यांसाठी दिलेलं असतं ते. बोट थोडं बरं ओळखायला लागलं, पण थेंबही तेवढेच बरे ओळखायला लागले. धुक्यात मोबाइल आपला आपण गाणी बदलतो. आणि ठशाचं लॉक? ते कुठल्याच हॅण्डग्लोजमधून उघडणार नाही, बोटाचे ठसे कापडाला येत नाहीत. चेहऱ्याचं लॉक हेल्मेटला ओळखत नाही. राहिला पिन. म्हणजे परत लाडू.

आता जरा थंड होतो. खरं सांगायचं तर पारा होता तेराच्या आसपास. उत्तरेतली माणसं हे वाचून पोट धरून हसतील. आमच्या मातोश्री सकाळी अंगणात साध्या साडीत सडा टाकत होत्या आणि मी शेजारी उभा राहून मंगळावर निघाल्यासारखा वेलक्रो आवळत होतो. गंगावेशीत धारेचं दूध देणारे पहाटे गार पाण्यात हात घालून बसतात. पंपावरच्या त्या मामांनी तर हॅण्डलला जुन्या रेक्झिनची दोन खोळं बांधलीयत. आत उघडा हात घालायचा, वारं बाहेर, फोन आला की हात बाहेर काढून उघड्या बोटानं उचलायचा. खर्च शून्य. त्यांनीच विचारलं होतं ना, हात घातलायस कशात?

संध्याकाळी घरी येऊन बसलो सुई घेऊन. जुन्या वायरीतली तांब्याची एक तार काढली, केसाएवढी, आणि पहिल्या बोटाच्या टोकातून आरपार सात टाके घातले, असे की आतून तार बोटाला लागली पाहिजे. जास्तीचं टोकही दुमडून शिवून टाकलं. मीटर लावला, आतून बाहेर बीप. मोबाइल धरला, चाललं! खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! मी एवढ्या जोरात ओरडलो की बायको कुकर सोडून बाहेर आली. तिनं बघितलं, म्हणाली, "वॉटरप्रूफ होता ना? सात भोकं पाडलीस."

तार टोचतेय. शिवाय दिवसभर वाकून वाकून ती शनिवारपर्यंत तुटणार हेही माहीत आहे, पॅनलमध्ये हलणाऱ्या वायरी अशाच तुटतात. म्हणून चांदी चढवलेला नायलॉनचा दोरा ऑनलाइन मागवलाय, चार दिवसांत येतोय. पार्सलवाला फोन करून ओटीपी विचारणार. कधी करणार तेही मला माहीत आहे.

सकाळी साडेसहाला, पुलावर.