खुलासा: थांबणारं प्रत्येक फंक्शन प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह नसतं

“प्रत्येक इनपुटवर थांबणारं फंक्शन प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह असतंच.”

हे वाक्य माझ्याच जुन्या पोस्टमधलं, चूक माझी. उलट बाजू तेवढी खरी: शून्य, +1 आणि अनेक इनपुटांपैकी एक जसाच्या तसा देणारे प्रक्षेप यांपासून संयोजन व प्रिमिटिव्ह रिकर्शनने, म्हणजे n वरच्या उत्तरातून n+1 वरचं उत्तर काढत, बांधलेलं फंक्शन प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह, आणि ते नक्की थांबतं.

पण अशी प्रत्येक बांधणी म्हणजे मर्यादित लांबीचा मजकूर. त्यामुळे एका चलाच्या सगळ्या बांधण्यांची यादी यंत्राला करता येते: f₀, f₁, f₂… आता d(n) = fₙ(n) + 1 घ्या. n क्रमांकाची बांधणी शोधा, n वरच चालवा, एक मिळवा. हे नेहमी थांबतं. समजा, d हे यादीतलं f₁₇ आहे. मग f₁₇(17) = f₁₇(17) + 1 व्हायला हवं! दुसरा कुठलाही क्रमांक घेतला तरी हीच अडचण. म्हणजे d नेहमी थांबतं, पण यादीत नाही, म्हणून प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह नाही.

जुना स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका.