सहा इंची पंखा लावूनही आरशावर वाफ का राहते

प्रतिक्रिया (मानेवाडा, नागपूर): “लहान बाथरूमला चार इंची पंखा पुरतो असं लिहिता. आमचं 5 बाय 7 चं, 8 फूट उंच, खिडकी नाही. मी सहा इंची लावला, पुढे दहा फूट पन्हाळी पाइप शाफ्टपर्यंत नेला. आरसा तासभर ओलाच, वर झडप असूनही शेजारच्या फोडणीचा वास येतो. तुमची माहिती कागदावरचीच दिसते.”

नमस्कार. हिशोब आधी करू. तुमचं बाथरूम 280 घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर मिनिटाला साधारण 37 घनफूट लागते. हाताशी थोडी जास्त म्हणून 50 धरा, म्हणजे तासाला 85 घनमीटर. तुमच्या पंख्याच्या खोक्यावरचा आकडा याहून बराच मोठा असेल. पण तो पुढे पाइप नसतानाचा असतो.

पात्यांचा साधा पंखा भिंतीत बसवून थेट बाहेर हवा फेकायला चांगला. दाब आला की तो नुसता आवाज करतो, हवा जागीच घुसळत राहते. दहा फूट पन्हाळी पाइप, त्यात वळणं, टोकाला झडप. शिवाय पंखा सहा इंची आणि पाइप चार इंची असेल तर वाट निम्म्याहूनही कमी. अशा ठिकाणी पाइपमध्येच बसणारा चार इंची इनलाइन मिक्स्ड-फ्लो पंखा घ्या, तो दाब आला तरी हवा पुढे ढकलतो. पाइप गुळगुळीत पीव्हीसीचा, शक्य तितका सरळ, वळण लागलंच तर एकच आणि पसरट. शाफ्टकडे किंचित उतार हवा, नाहीतर वाफेचं पाणी उलटं पंख्यात येतं.

आता दार पाहा. बाहेर जाते तेवढी हवा आत यायला हवी. दारावर टिश्यूपेपर धरून पाहण्यापेक्षा पंख्याच्या जाळीवर धरा: दार उघडल्यावर घट्ट चिकटतो आणि बंद केल्यावर गळून पडतो, तर दाराखाली फट कमी आहे. 75 सेंटिमीटर रुंद दाराखाली 2 सेंटिमीटर फट ठेवली की 150 चौरस सेंटिमीटर वाट मिळते, चार इंची पाइपच्या जवळपास दुप्पट. उंबरा आड येत असेल तर दारात खाली जाळी बसवा. पंख्याची जाळी मात्र दाराच्या समोरच्या टोकाला, छताजवळ असू द्या. ती दारावरच लावली तर ताजी हवा शॉवरपर्यंत न जाताच निघून जाते.

वासाचं कारण बहुधा तुमच्याच स्वयंपाकघरात आहे. तिथला एक्झॉस्ट चालू झाला की घर हवा ओढतं आणि बाथरूमच्या पाइपातून ती आत येते. (उन्हाळ्यात कूलर उलट हवा आत ढकलतो, म्हणून तेव्हा वास फारसा जाणवत नाही.) बाथरूमचा पंखा बंद ठेवून स्वयंपाकघराचा लावा, बाथरूमच्या पंख्याच्या जाळीखाली उदबत्ती धरा. धूर खाली ढकलला गेला, तर झडप नीट मिटत नाहीये. बिजागरी वर आणि उघडणं बाहेरच्या बाजूला हवं. झडप तिरपी बसली, रंग लागला किंवा धूळ चिकटली तर ती अर्धवट उघडीच राहते. उभ्या पाइपमध्ये मात्र ही लोंबती झडप चालत नाही, तिथे स्प्रिंगची घ्या. आणि पंख्याला स्वतःची झडप असेल तर टोकाला दुसरी लावू नका, दोन्ही उघडण्यातच त्याचा दम जातो.