‘बघून घ्या’ म्हणजे नेमके काय, हे साहेबांना कसे विचारावे

गेल्या मार्च महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास, आमचे साहेब नागपूरला निघण्यासाठी गाडीत बसता बसता मला म्हणाले, “ते जुन्या मालाचं सोमवारपर्यंत बघून घ्या.” एवढेच बोलून ते गेले. मी बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर आणि साठ्याचा हिशोब सांभाळतो. आम्ही शेतीच्या पंपांचे सुटे भाग बनवतो आणि काही बाहेरून विकतही घेतो. चौदा वर्षांच्या नोकरीत असे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल, आणि त्यावर प्रश्न कसा विचारावा हे शिकायला मला त्यातली बरीच वर्षे लागली. त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी त्या वाक्यात काय काय दडले आहे ते पाहू. ‘बघून घ्या’ याचा एक अर्थ नजर टाका, दुसरा अर्थ तपासून मला सांगा, आणि तिसरा अर्थ तुमच्या पातळीवर निकाली काढा. आपल्या नागपुरात मराठीला हिंदीची सोबत असल्यामुळे हा तिसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो, कारण ‘देख लेना’ म्हणणाऱ्याला बहुधा तेच म्हणायचे असते. ‘जुना माल’ हा शब्दही तितकाच सैल आहे. माल कारखान्यात येऊन सहा महिने झाले म्हणजे तो जुना, की वर्षभरात स्टोअरमधून एकदाही इश्यू झाला नाही म्हणजे जुना? पंपाचे रबर सील ऑगस्टमध्ये आले तर हिवाळाभर पडून राहतात आणि उन्हाळ्यात मागणी आली की महिन्याभरात संपतात. आवक तारखेप्रमाणे ते जुने ठरतात, पण प्रत्यक्षात ते आमच्या सर्वांत चालत्या मालापैकी आहेत.

यादी कोणासाठी आहे यावरही तिचे रूप ठरते. बँकेला दरमहा जे स्टॉक स्टेटमेंट जाते, त्यासाठी किती दिवसांचा माल किती रुपयांचा आहे हे पुरते. ऑडिटरला ३१ मार्चच्या ताळेबंदासाठी वेगळीच गोष्ट हवी असते, कारण हिशोबाच्या नियमाप्रमाणे साठा खरेदीची किंमत किंवा तो विकून हाती येईल ती किंमत, यांपैकी जी कमी असेल तिने दाखवावा लागतो. म्हणजे पडून राहिलेल्या प्रत्येक वस्तूची आज किती किंमत येईल हेही शोधावे लागते. आणि विक्री विभागाला यादी हवी असेल तर त्यांना फक्त काय काढून टाकता येईल एवढ्यातच रस असतो. एकाच वाक्यातून तीन वेगवेगळे तक्ते निघतात, आणि चुकीचा निवडला तर दोन दिवस वाया जातात.

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात असताना, माझे असे दिवस वाया गेले आहेत. मी १८० दिवसांच्या आवकेप्रमाणे ४१२ वस्तूंची यादी करून दिली आणि तिथल्या साहेबांना हवी होती वर्षभर न हललेल्या मालाची. ते चिडले तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो, “सर, तुम्ही तसं स्पष्ट सांगितलं नव्हतं.” वाक्य खरे होते, पण त्याने काम पुढे गेले नाही. त्यानंतर कित्येक महिने ते मला कोणतीही सूचना देताना आखडूनच बोलत आणि मला विचारण्याचा धीर होत नसे. अस्पष्ट सूचना आणखी अस्पष्ट झाल्या, एवढाच त्या वाक्याचा परिणाम झाला.

आज मागे वळून पाहताना मला वाटते की त्या साहेबांनी काही निष्काळजीपणे सांगितले नव्हते. ते तासभर आधीच ऑडिटरशी बोलून आले होते, त्यामुळे त्यांच्या मनात ‘जुना माल’ या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो सांगण्याची गरज त्यांना जाणवलीच नाही. जो संदर्भ त्यांच्याकडे होता तो माझ्याकडे नव्हता. ही गोष्ट पटली की प्रश्नाचा सूरच बदलतो, कारण मग आपण चूक दाखवायला जात नाही, आपल्याकडे नसलेली माहिती मागायला जातो.

गेल्या मार्चमध्ये मी काय केले ते आता सांगतो. साहेब गेल्यावर लगेच फोन केला नाही, पण सोमवारची वाटही पाहिली नाही. अर्ध्या तासात संगणकावर दोन्ही प्रकारच्या याद्या किती मोठ्या होतात ते पाहिले आणि पाच वाजता हा संदेश पाठवला:

“साहेब, जुन्या मालाचे काम हाती घेतले आहे. यादी दोन प्रकारे काढता येते. आवक होऊन १८० दिवस झालेला सगळा माल घेतला तर ती आज संध्याकाळीच पाठवू शकतो. वर्षभरात एकदाही इश्यू न झालेला माल घेऊन प्रत्येकाची आजची किंमत लावायची असेल तर रविवारी यावे लागेल, कारण दर खरेदी विभागाकडून घ्यावे लागतील. मार्चअखेर असल्याने ऑडिटसाठी हवी असेल असे धरून मी दुसरी सुरू करतो. बँकेसाठी हवी असल्यास कळवावे, पहिली पाठवतो.”

या संदेशातली ‘घेतले आहे’, ‘पाठवू शकतो’, ‘सुरू करतो’ ही क्रियापदे पाहा. ती सगळी माझ्या कामाबद्दल आहेत. साहेबांनी काय सांगितले किंवा काय सांगितले नाही, याचा त्यात उल्लेखच नाही. ‘नेमकं काय हवंय?’ या प्रश्नात ‘नेमकं’ हा शब्द ऐकणाऱ्याला टोचतो, कारण आधीचे बोलणे नेमके नव्हते असा त्यातून अर्थ निघतो. दोन पर्याय समोर ठेवले की नेमकेपणाचा विषयच येत नाही. सूचना पुरेशी होती, ती पूर्ण करायचे दोन रस्ते आहेत आणि त्यांतला एक निवडणे हा त्यांचा अधिकार आहे, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक पर्यायापुढे लागणारा वेळ लिहिल्यामुळे प्रश्न विचारण्याचे कारणही आपोआप कळते. रविवार खर्च होणार असेल तर विचारलेच पाहिजे, हे कोणत्याही साहेबांना समजते.

मी एक पर्याय गृहीत धरून काम सुरू करतो असे लिहिले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उत्तर आले नाही तर काम अडत नाही, आणि उत्तर न देता आल्याचा दोषही कोणाकडे जात नाही. मात्र गृहीतकासोबत त्याचे कारण लिहावे लागते. ‘मार्चअखेर असल्याने’ हे दोन शब्द नसते, तर मी मनाला येईल ते ठरवले असे वाटले असते.

साहेबांचे उत्तर वीस मिनिटांत आले: “दुसरी. पण किमतीचं थांबा, मी विचारून सांगतो.” त्या उत्तराने मला एक गोष्ट कळली, जी कितीही प्रश्न विचारून कळली नसती. किंमत कोणत्या दराने लावायची हे मुख्य कार्यालयाने त्यांनाच अजून सांगितले नव्हते. अनेकदा सूचना वरूनच अर्धवट येते आणि ती जशी येते तशी खाली पोहोचते. अशा वेळी ‘हे कशासाठी हवे आहे?’ असे थेट विचारले तर त्यांना ‘मलाही माहीत नाही’ असे म्हणण्याची वेळ येते, आणि ते आपल्या हाताखालच्या माणसासमोर कोणालाही सोपे नसते. पर्यायांमुळे त्यांना ‘विचारून सांगतो’ म्हणायला जागा मिळाली. माझा रविवार वाचला. शनिवारी मी किमतीचा रकाना रिकामा ठेवून पहिल्या दहा वस्तूंचा तक्ता त्यांना पाठवला. तो पाहून त्यांनी एकच बदल सांगितला, प्रत्येक वस्तूचा शेवटचा इश्यू कधी झाला ती तारीख जोडा. पूर्ण यादी झाल्यावर तो रकाना जोडायला बसलो असतो, तर सोमवारची सकाळ त्यातच गेली असती.

या पद्धतीतही फसगत होते. ‘ही यादी करू की ती?’ या प्रश्नाला ‘हो हो, करा’ असे उत्तर आले, तर ते उत्तर नाही हे ओळखावे. प्रश्न वाचला गेला नाही किंवा त्या क्षणी त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. तोच प्रश्न पुन्हा पाठवला तर तगादा वाटतो, म्हणून अशा वेळी मी दहा ओळींचा नमुनाच पाठवतो, कारण तयार तक्त्यावर माणूस चटकन मत देतो. दुसरी फसगत प्रश्नांच्या संख्येची आहे. माझ्या हाताखाली एक हुशार मुलगी नव्याने लागली, तिने एका सूचनेवर क्रमांक घालून सात प्रश्न पाठवले होते. प्रत्येक प्रश्न योग्य होता, पण सगळे मिळून उलटतपासणीसारखे झाले. मी तिला म्हटले, “बेटा, ज्याच्या उत्तराने काम बदलतं तो एकच विचार. बाकीचं आपण ठरवायचं आणि काय ठरवलं ते खाली लिहायचं.” तिच्या सातपैकी पाच प्रश्नांची उत्तरे आमच्या मागच्या वर्षीच्या फाइलमध्येच होती.

सगळा दोष स्वतःकडे घेणेही मला पटत नाही. ‘माफ करा साहेब, माझ्याच लक्षात आलं नाही’ हे एकदा चालते. दर वेळी तसे म्हटले तर समोरच्याला ते खरे वाटू लागते, आणि महत्त्वाचे काम आपल्याकडे येणे थांबते. शिवाय ते खोटे असते. मी ऐकले होते, मला समजले होते, आणि दोन अर्थ होतात हेही समजले होते. म्हणून मी ‘समजले नाही’ हे शब्द टाळतो आणि ‘काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घेतो’ असे म्हणतो.

मात्र एका ठिकाणी मी ही सगळी नजाकत बाजूला ठेवतो. संध्याकाळी गेटवर गाडी उभी असते, माल छिंदवाड्याला जायचा असतो आणि फोनवर सूचना येते, “गाडी काढून टाका, कागदाचं बघू.” माल दुसऱ्या राज्यात जात असेल आणि त्याची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागते, आणि त्यात गाडीचा क्रमांक भरलेला असावा लागतो. रस्त्यात तपासणी झाली तर गाडी अडते, दंड लागतो आणि ड्रायव्हर रात्रभर रस्त्यावर बसतो. इथे मी दोन पर्याय देत नाही आणि काही गृहीतही धरत नाही. मी सरळ विचारतो, “साहेब, ई-वे बिल अजून निघालेलं नाही. ते निघेपर्यंत गाडी थांबवतो, चालेल ना?” आणि लगेच तेच वाक्य संदेशातही पाठवतो. त्यांच्याकडून ‘हो’ येईपर्यंत गेटपास माझ्या टेबलावरच राहतो.