केबल नाही, पोर्टच तसा आहे

"बेळगावहून निपाणीला पोचेपर्यंत गाडीच्या यूएसबीला लावलेला फोन जेमतेम चार टक्के वाढतो. घरी तोच भराभर चार्ज होतो. केबल खराब आहे काय?"

दादा, त्याच केबलने घरी नीट चार्ज होत असेल तर केबलला दोष देऊ नका. स्क्रीनशेजारचा तो पोर्ट मुळात गाणी आणि अँड्रॉइड ऑटोसाठी दिलेला असतो. फोनला वाटतं आपण कॉम्प्युटरला जोडलोय, म्हणून तो जुन्या यूएसबी नियमाप्रमाणे ५ व्होल्टला अर्धा अँपिअरच ओढतो. म्हणजे अडीच वॉट. घरचा १८ वॉटचा चार्जर मात्र फोनशी बोलून व्होल्टेज ९ पर्यंत चढवतो. गाडीच्या पोर्टला ही बोलणीच येत नाहीत.

आता हिशेब बघा. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. निपाणीपर्यंतच्या सव्वा तासात पोर्ट देणार जेमतेम ३, म्हणजे फार तर पंधरा टक्के. त्यात मॅप चालू, स्क्रीन फुल्ल ब्राइट, म्हणजे दीड-दोन वॉट तिथेच खर्च. संकेश्वरच्या पुढे रेंज गेली-आली की आणखी थोडं. चार टक्के उरले हेच नवल!

खात्री करायची तर लॉक स्क्रीनवर बघा, बऱ्याच फोनवर स्लो चार्जिंग असं लिहून येतं. उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या सिगारेट लायटर सॉकेटात पीडी लिहिलेला, म्हणजे फोनशी ही बोलणी करणारा चार्जर लावा. नव्या गाड्यांतले काही टाइप-सी पोर्ट १५ वॉट किंवा जास्त देतात, गाडीच्या मॅन्युअलमध्ये अँपिअरचा आकडा असतो.